अनलिंक केल्यावर नेमकं काय जातं?

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. "मामा, सगळं गेलं," एवढंच तो आधी बोलला. मला वाटलं कन्सोल बिघडला. कन्सोल धडधाकट होता, इंटरनेट चालू होतं, खेळही सुरू होत होता. फक्त खेळ उघडल्यावर त्याचं पात्र पहिल्या दिवशी मिळतं त्या साध्या कपड्यांत उभं होतं आणि कोपऱ्यात लेव्हल १ दिसत होती. आदल्या दिवशीपर्यंत तो २१४ व्या लेव्हलवर होता. दोन दिवाळ्यांच्या आणि एका वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले चाळीसेक पोशाख त्या पात्राच्या कपाटात होते. कपाट रिकामं झालं होतं.

तो कोल्हापूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला आला होता आणि अभ्यासासाठी त्याला लॅपटॉप मिळाला होता. घरचा कन्सोल कोल्हापूरलाच, धाकट्या भावाकडे. तोच खेळ लॅपटॉपवर खेळावा आणि आपली लेव्हल, आपले पोशाख तिथे दिसावेत, एवढीच त्याची इच्छा. खेळाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन त्याने आपला ईमेल टाकून नवं खातं उघडलं. मग सुट्टीत घरी गेल्यावर कन्सोलचं खातं त्याला जोडायला गेला, तर निरोप आला की हे कन्सोल खातं आधीच दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे. त्याला आश्चर्य वाटलं, कारण दुसरं खातं त्याने कधी उघडलंच नव्हतं. एका मित्राने सांगितलं, आधी अनलिंक कर, मग नव्याला लिंक कर. त्याने तसंच केलं. एक खिडकी आली, "तुम्हाला खात्री आहे का?" त्याने होय दाबलं. दहा सेकंदांचं काम.

ती कंपनी कोणती हे मी लिहीत नाही, कारण हा सापळा एकाच कंपनीपुरता नाही आणि मला जे म्हणायचं आहे ते एका कंपनीबद्दल नाही. मला म्हणायचं आहे ते असं: त्या रात्री भाच्याच्या लेव्हलमधलं आणि पोशाखांमधलं काहीही पुसलं गेलं नव्हतं. सगळं सर्व्हरवर जसंच्या तसं होतं. गेला होता तो फक्त तिथे पोचण्याचा रस्ता. आणि तो रस्ता परत द्यायचा की नाही, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, कंपनीच्या मर्जीचा आहे. ही मर्जी आपण नियम म्हणून मान्य करत आलो, ते थांबायला हवं.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण ती समजली की कंपन्यांची बरीच उत्तरं किती पोकळ आहेत ते दिसतं.

कन्सोलवर खेळताना आपल्यामागे दोन खाती असतात. एक कन्सोल बनवणाऱ्याचं, म्हणजे प्लेस्टेशनचं, एक्सबॉक्सचं किंवा निन्टेन्डोचं. दुसरं खेळ काढणाऱ्या प्रकाशकाचं. आपण खेळ सुरू केला की कन्सोल प्रकाशकाच्या सर्व्हरला सांगतो, "अमुक क्रमांकाचा माणूस आलाय." सर्व्हर आपल्या वहीत बघतो की हा कन्सोल क्रमांक आपल्याकडच्या कोणत्या क्रमांकाशी जोडलेला आहे. ती ओळ सापडली की त्या दुसऱ्या क्रमांकाखाली ठेवलेली लेव्हल, पोशाख, खेळातलं चलन आपल्यासमोर येतं. ओळ सापडली नाही, म्हणजे माणूस पहिल्यांदाच आलाय, तर बरेच खेळ मुकाट्याने एक नवं खातं तयार करतात आणि वहीत ओळ टाकतात. ईमेल विचारत नाहीत, पासवर्ड विचारत नाहीत. पोराने खेळ उघडला की तो लगेच सुरू व्हावा, मध्ये अर्ज भरायला लागू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण परिणाम असा की त्या खात्याला एकच दार असतं आणि त्या दाराची किल्ली म्हणजे तो कन्सोल क्रमांक.

भाच्याचं "दुसरं खातं" ते हे. दोन वर्षं तो त्यावरच खेळत होता आणि ते आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. अनलिंक दाबल्यावर वहीतली ती एक ओळ गेली. लेव्हल २१४ जिथे होती तिथेच राहिली, पण तिच्याकडे आता ईमेलनेही जाता येत नव्हतं, कन्सोलनेही नाही. दार बुजवलेल्या खोलीसारखं. मग नवी ओळ पडली, ती रिकाम्या खात्याकडे नेणारी.

इथे एक गोष्ट वेगळी काढायला हवी, नाहीतर नको तिथे भीती पसरेल. प्रत्येक खेळात हा धोका नसतो. एकट्याने खेळायच्या कथेच्या खेळांत सेव्ह फाइल बहुतेकदा कन्सोलवर किंवा कन्सोल कंपनीच्या क्लाउडवर असते. प्रकाशकाचं खातं तोडलं तरी ती फाइल जागेवर राहते, फार तर प्रकाशकाने दिलेली एखादी भेटवस्तू जाते. खरा धोका ऑनलाइन खेळांत, जिथे सगळं प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतं. तिथेही प्रगती कोणत्या क्रमांकाखाली ठेवलीय त्यावर बरंच अवलंबून असतं. ओळखायची सोपी खूण आहे. दुसऱ्या यंत्रावर किंवा ब्राउझरमध्ये फक्त ईमेल आणि पासवर्डने प्रकाशकाच्या खात्यात जा. तुमची लेव्हल तिथे दिसली तर कन्सोल तोडला तरी तुमच्याकडे दुसरं दार आहे. दिसली नाही, किंवा टाकायला ईमेलच नाही, तर अनलिंकच्या बटणाला हात लावू नका.

भाच्याने करायला हवं होतं ते त्याने जे केलं त्याच्या नेमकं उलट. साइटवर जाऊन ईमेल टाकायचाच नाही. "या खात्याने साइन इन करा" अशी कन्सोलच्या चिन्हांची रांग असते, त्यातलं आपल्या कन्सोलचं चिन्ह दाबायचं आणि कन्सोलच्याच खात्याने आत जायचं. असं केलं की वहीतली जुनी ओळच वापरली जाते आणि ते बिनईमेलचं खातं उघडतं. मग त्याच खात्याला ईमेल आणि पासवर्ड जोडायचा. आता एका खोलीला दोन दारं झाली. लॅपटॉपवर ईमेलने जा, कन्सोलवर कन्सोलने, सामान एकच. क्रम एवढाच बदलायचा होता. पण "नवं खातं उघडा" हे बटण मोठं आणि निळं होतं, चिन्हांची रांग त्याच्याखाली बारीक. अठरा वर्षांच्या मुलाने काय करावं अशी अपेक्षा होती?

कंपन्या म्हणतात, आम्ही सूचना दिली होती, खात्रीही विचारली होती. पण "तुम्हाला खात्री आहे का" हा प्रश्न सूचना नाही. सूचना म्हणजे काय जाणार आहे ते सांगणं. त्या क्षणी सर्व्हरला पक्कं ठाऊक होतं की तोडल्या जाणाऱ्या खात्यात २१४ वी लेव्हल आहे, त्याला दुसरं दार नाही, आणि जोडल्या जाणाऱ्या खात्यात काहीच नाही. हे तिन्ही त्याच वहीत लिहिलेलं होतं. ते खिडकीत लिहायला दोन वाक्यं पुरली असती. तोडण्याच्या क्षणी माहिती ज्याच्याकडे असते, जबाबदारीही त्याच्याकडेच असायला हवी. आज ती संपूर्ण दुसऱ्या बाजूला आहे, ज्याला वहीच दिसत नाही त्याच्याकडे.

ही जोडणी आणि तोडणी किती माणसांच्या निर्णयावर चालते, हे २०१८ साली उघड्यावर दिसलं. त्या वर्षी १२ जूनला निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर फोर्टनाइट हा ऑनलाइन खेळ आला. फोर्टनाइटची प्रगती तो काढणाऱ्या एपिक गेम्सच्या खात्यात राहते, त्यामुळे प्लेस्टेशन ४ वर खेळणाऱ्यांनी उत्साहाने स्विचवर आपलं एपिक खातं टाकलं. त्यांना निरोप मिळाला की हे खातं अशा प्लॅटफॉर्मशी जोडलेलं आहे जो त्याला स्विचवर चालू देत नाही, तेव्हा नवं खातं उघडा. बरं, प्लेस्टेशनचा दुवा तोडून बघावं तर तेही चालेना. एकदा प्लेस्टेशनशी जोडलेलं खातं, तोडल्यावरही डागाळलेलंच राहत होतं. म्हणजे तोडल्यावर वहीतली ओळ जाते हेसुद्धा अर्धसत्यच. कंपनीला हवं असेल तेव्हा जुन्या ओळीची आठवण व्यवस्थित जपली जाते.

लोक खूप चिडले. अखेर २६ सप्टेंबर २०१८ ला प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने प्लेस्टेशन ४ आणि इतर यंत्रं एकमेकांशी जोडून खेळायला परवानगी देणारी खुली बीटा चाचणी जाहीर केली, सुरुवात फोर्टनाइटपासून. सर्व्हर बदलला नव्हता, नवीन शोध लागला नव्हता. जूनमध्ये जे अशक्य सांगितलं होतं ते सप्टेंबरात शक्य झालं, कारण कुणीतरी निर्णय बदलला.

पण त्या साडेतीन महिन्यांत हजारो लोकांनी सांगितल्याप्रमाणे दुसरं खातं उघडलं होतं, स्विचवर पैसे घालून पोशाख घेतले होते. आता दार उघडलं तरी त्यांची अडचण सुटेना. मूळ खातं स्विचला जोडायचं तर स्विचचं नवं खातं आधी तोडावं लागणार, आणि ते तोडलं की त्यातली खरेदी मागे राहणार. कंपन्यांच्या भांडणामुळे तयार झालेलं ओझं खेळाडूच्या डोक्यावर. इथे एपिकने जे केलं ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. त्यांनी दोन खाती एकत्र करण्याची सोय काढली. एक खातं मुख्य म्हणून निवडायचं, दुसरं दुय्यम. दुय्यम खातं बंद व्हायचं आणि त्यातले पोशाख व व्ही-बक्स हे चलन मुख्य खात्यात यायचं, त्याला साधारण दोन आठवडे लागायचे. लेव्हल आणि बॅटल पास या हंगामी बक्षिसांच्या शिडीवरची प्रगती मात्र यायची नाही.

ती सोय ६ मे २०१९ ला बंद झाली. जे त्या वेळी आजारी होते, परीक्षेत होते, किंवा ज्यांना हे कळलंच नाही, त्यांच्यासाठी दार पुन्हा लागलं. सोय फक्त त्या विशिष्ट कोंडीत सापडलेल्यांसाठीच होती, हे मला मान्य आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. दोन खात्यांतला माल एका खात्यात आणता येतो, हे तिथे सिद्ध झालं. त्यानंतर कुठल्याही मोठ्या प्रकाशकाने "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" असं उत्तर दिलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते मी हलकं करणार नाही, कारण ते खरं आहे. खात्यांचा चोरबाजार आहे. दुर्मिळ पोशाख असलेली खाती विकली जातात, चोरलीही जातात. कुणाच्या ईमेलचा पासवर्ड हाती लागला की चोर आत जातो, मालकाचा कन्सोल तोडतो, आपला जोडतो. फसवणूक करून बंदी आलेला माणूस आपला कन्सोल क्रमांक स्वच्छ खात्याला जोडून परत येऊ बघतो. जोडणं-तोडणं मोकळं ठेवलं तर हे सगळं सोपं होईल. म्हणूनच अनेक प्रकाशक एकदा तोडल्यावर त्याच प्रकारचं दुसरं कन्सोल खातं लगेच जोडू देत नाहीत. हे बंधन असावं, माझं त्याला समर्थन आहे.

पण नीट बघितलं तर हे बंधन नव्या जोडीवर आहे. जुन्या जोडीचं काय? जो कन्सोल क्रमांक कालपर्यंत ज्या खात्याला जोडलेला होता, तोच परत त्याच खात्याला जोडायचा असेल तर चोराचा काय फायदा? उलट चोरीच्या प्रकरणात मूळ मालकाला आपलं खातं परत मिळवायचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे. ज्याने पैसे घेऊन खातं विकलं तो ते परत ओढून घेईल, अशी एक शंका काढता येते. पण खातं विकणं मुळातच बहुतेक प्रकाशकांच्या अटींत बसत नाही. त्या बेकायदा खरेदीदाराच्या सोयीसाठी, चुकून बटण दाबलेल्या मुलाचं नुकसान कायम ठेवायचं, हा कोणता न्याय? म्हणून माझी मागणी सरसकट मोकळीकीची नाही. तुटलेली तीच जोडी, तीस दिवसांच्या आत, कुणाला न विचारता पुन्हा जोडता यावी, एवढीच आहे. वहीतली ओळ खोडण्याऐवजी तिच्यापुढे तारखेसह "थांबवलेली" असं लिहायचं.

हे मी हवेत बोलत नाही. जवळपास अशाच विचाराने बांधलेली व्यवस्था चालून दाखवलेली आहे. बंजी या कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये डेस्टिनी २ या आपल्या खेळासाठी क्रॉस सेव्ह आणलं, म्हणजे एकच पात्रं सगळ्या यंत्रांवर वापरण्याची सोय. एका माणसाची प्लेस्टेशनवर तीन पात्रं, एक्सबॉक्सवर दोन, पीसीवर एक, असा पसारा त्या खेळात नेहमीचा. क्रॉस सेव्ह सुरू करताना आधी प्रत्येक कन्सोलचं खातं तुमचंच आहे हे तिथे लॉगिन करून दाखवावं लागतं. मग पडद्यावर प्रत्येक ठिकाणची पात्रं मांडलेली दिसतात आणि विचारलं जातं की यातली कोणती सगळीकडे वापरायची. न निवडलेली पात्रं पुसली जात नाहीत, बाजूला ठेवली जातात. क्रॉस सेव्ह बंद केलं की ती आपापल्या जागी परत दिसतात. आणि गैरवापर रोखायला अट अशी की एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू करायला नव्वद दिवस थांबायचं.

मला त्यात सगळ्यात जास्त पटलं ते हे, की चोराला अडवणारी अट आणि प्रामाणिक माणसाला वाचवणारी सोय तिथे एकाच पडद्यावर एकत्र नांदतात. एकीसाठी दुसरीचा बळी द्यावा लागला नाही. ही व्यवस्था निर्दोष नाही. खेळात भर घालणारे विकतचे विस्तार प्रत्येक यंत्रासाठी वेगळे घ्यावे लागतात, खेळातलं विकतचं चलन जिथे घेतलं तिथेच राहतं. त्यामागे कन्सोल कंपन्यांचे पैशाचे करार आहेत आणि तो वेगळा वाद आहे. पण पात्र हरवण्याची भीती त्यांनी बऱ्यापैकी काढून टाकली.

याच्या दुसऱ्या टोकाला ईए या प्रकाशकाचा एपेक्स लेजेंड्स हा खेळ. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तिथे क्रॉस प्रोग्रेशन, म्हणजे सगळ्या यंत्रांवर एकच प्रगती, यायला लागलं, तेव्हा एकाच ईए खात्याला जोडलेली वेगवेगळ्या यंत्रांवरची खाती एकत्र केली गेली. पोशाख एका जागी आले, लोक खूश झाले. फक्त मुख्य खातं कोणतं हे खेळाडू ठरवू शकत नव्हता, सर्वांत वरच्या लेव्हलचं खातं आपोआप मुख्य धरलं जायचं. आणि झालेलं एकत्रीकरण उलटवता येत नव्हतं. ज्या घरात मोठ्या भावाचा कन्सोल धाकट्याच्या खात्याला कधीतरी सोयीसाठी जोडलेला असतो, तिथे दोघांचं मिळून एकच होऊन बसणार. आपल्याकडे एका कन्सोलवर अख्खं घर खेळतं. काका, पुतण्या, शेजारचा मित्र. "माझंच लॉगिन वापर" हे आपल्याकडे औदार्य समजलं जातं. अशा घरांचा विचार करून ही बटणं बनवलेली नाहीत.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण सांगतो. प्लेस्टेशनचं खातं उघडताना जो देश निवडला तो नंतर बदलता येत नाही. पूर्वी अनेकांनी तिकडची दुकानं मोठी म्हणून अमेरिकेचा देश टाकून खाती उघडली. पुढे इथल्या कार्डाने पैसे भरता येईनात, म्हणून भारतातलं दुसरं खातं काढलं. आता प्रकाशकाचं खातं जोडलेलं आहे जुन्या अमेरिकी खात्याला, आणि खेळायचंय नव्यावर. एका प्रकाशक खात्याला प्लेस्टेशनचं एकच खातं जोडता येतं. म्हणजे तोडणं आलंच. परदेशी नोकरीला गेलेला आणि परत आलेला मराठी माणूस याच भानगडीतून जातो. हे लोक काहीही लपवत नाहीत, फक्त राहायचं ठिकाण बदललंय.

मग कायदा काय म्हणतो? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्याला आपली माहिती काय आहे ते विचारण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून मागण्याचा हक्क आहे. आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात होता, पण अंतिम कायद्यात तो राहिला नाही. युरोपच्या कायद्यात तो आहे. तरी मला वाटतं, तो असता तरी भाच्याला फार उपयोग झाला नसता. कंपनीने त्याला एक फाइल दिली असती, त्यात २१४ हा आकडा आणि चाळीस पोशाखांची नावं असती. ती यादी घेऊन तो कुठे जाणार? पोशाख त्या एकाच सर्व्हरवर अंगात घालता येतात. त्याला माहितीची प्रत नको होती, प्रवेश हवा होता.

म्हणून मला हा प्रश्न ग्राहक संरक्षणाचा वाटतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तेरा प्रकार दिलेत. एक प्रकार पडद्याची मांडणी अशी करण्याचा, की काही गोष्टी ठळक दिसाव्यात, काही झाकल्या जाव्यात आणि माणूस त्याला नको असलेल्या कृतीकडे वळावा. नवं खातं उघडण्याचं बटण मोठं, जुन्या खात्यात जाण्याची वाट बारीक, आणि तोडण्याच्या खिडकीत काय जाणार याचा पत्ता नाही, ही मांडणी माझ्या मते त्या व्याख्येत बसते. खेळातल्या पोशाखाला लोक खेळणं समजतात म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण भाच्याचे साडेचार हजार रुपये खरे होते, त्यांच्या पावत्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीही आहे.

आणि दबाव चालतो. मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात सोनीने हेलडायव्हर्स २ हा आपला खेळ पीसीवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशन खातं जोडणं सक्तीचं केल्याचं जाहीर केलं. ज्या देशांत ते खातं उघडताच येत नाही तिथेही तो खेळ विकला गेला होता. खेळाडूंनी इतका विरोध केला की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. आम्ही मदत केंद्राला लिहिलं. त्यांनी जुन्या खात्याचा क्रमांक मागितला. जे खातं आहे हेच ठाऊक नव्हतं त्याचा क्रमांक कुठून आणायचा? शेवटी त्याने मित्राबरोबर काढलेला खेळाचा एक जुना स्क्रीनशॉट सापडला, त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तो क्रमांक होता. कन्सोलच्या दुकानातून आलेल्या खरेदीच्या ईमेल पावत्या त्याला जोडल्या. अकरा दिवसांनी उत्तर आलं: खातं सापडलं, खरेदी तुमचीच आहे हे पटतं, पण तोडलेला दुवा आम्ही पुन्हा जोडत नाही, धोरण तसं आहे. सदिच्छा म्हणून थोडं चलन नव्या खात्यात टाकलं. त्या पत्रातलं "खातं सापडलं" हे वाक्य भाच्याने मला तीनदा वाचून दाखवलं. ते हरवलं असतं तर त्याला कमी लागलं असतं.

त्यानंतर मी घरातल्या सगळ्या मुलांना तो आकडी क्रमांक खेळाच्या सेटिंगमधून वहीत उतरवून ठेवायला लावला. खरेदीच्या पावत्यांचे ईमेल पुसायचे नाहीत, हेही सांगितलं. पण हे झालं आमचं बचावाचं काम. प्रकाशकांकडून मला हवा आहे तो तोडण्याच्या क्षणी पडद्यावर येणारा एवढाच मजकूर, प्रत्येकाच्या खऱ्या आकड्यांसह आणि मराठीत वाचता येईल असा:

"तुम्ही तोडत असलेल्या खात्यात लेव्हल २१४ आणि ४१ पोशाख आहेत. या खात्याला ईमेल जोडलेला नाही, त्यामुळे तोडल्यावर तुम्ही त्यात जाऊ शकणार नाही. तुम्ही जोडत असलेल्या खात्यात काही नाही. आधी ईमेल जोडायचा असेल तर इथे दाबा. तरीही तोडलंत, तर पुढचे तीस दिवस हा दुवा याच पानावरून परत जोडता येईल."